खरेदीखताचा दिवस आणि चौघांना एकच निरोप

 

घर घ्यायचं ठरलं, सौदा झाला, इसार दिला, बँकेनं कर्ज मंजूर केलं, की आपल्याला वाटतं काम झालं. पण काम होतं ते रजिस्ट्रीच्या दिवशी. त्या एका दिवशी चार जणांना एका जागी, एका वेळी, योग्य कागद घेऊन उभं राहावं लागतं: विकणारे, घेणारी, बँक आणि मध्यस्थ. चौघांपैकी एकाचा एक कागद राहिला की बाकी तिघांची खेप वाया जाते. धुळ्याहून, साक्रीहून कोणी आलेलं असतं, शेतातली मजुरी बुडवून आलेलं असतं.

आमच्या गटांतल्या बऱ्याच ताईंनी गेल्या काही वर्षांत स्वतःच्या नावानं घर घेतलं. त्यांच्यासोबत बसता बसता आमच्या एक गोष्ट लक्षात आली. घोळ बहुतेक वेळा कायद्याचा नसतो, निरोपाचा असतो. मध्यस्थ विकणाऱ्याला एक सांगतो, बँकेचे साहेब घेणारीला दुसरं सांगतात आणि दस्तलेखकाला तिसरंच माहीत असतं. म्हणून घेणाऱ्या बाईनं स्वतः एक निरोप लिहायचा आणि तोच, तसाच्या तसा, चौघांना पाठवायचा. आज तो निरोप कसा लिहायचा ते सांगतो.

एका उदाहरणानं सांगतो, म्हणजे आकडे डोक्यात बसतील. नावं घेत नाही. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या हद्दीत, बिनशेती प्लॉटवर बांधलेलं घर आहे. घर होतं वडिलांचं, त्यांच्या स्वकष्टाचं. ते वारल्यावर वारस नोंद झाली आणि उताऱ्यावर तीन नावं लागली: आई, मुलगा आणि साक्रीला दिलेली मुलगी. घेणारी आपल्या गटातली ताई. सौदा १२ लाखांचा. त्यातले १ लाख इसार म्हणून चेकनं भावाला दिले. २ लाख ताईंच्या बचतीतले आणि ९ लाख बँकेचं कर्ज.

आता यात अडचण कुठे येते ते बघा. विकणारे म्हणतात, पैसे हातात आल्याशिवाय सही करणार नाही. बँक म्हणते, खरेदीखत नोंदवल्याशिवाय पैसे सोडणार नाही. मध्यस्थ म्हणतो, माझी दलाली आधी द्या. आणि मुद्रांक शुल्क तर सहीच्या आधीच भरलेलं लागतं, ते ताईंच्या खिशातून. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणजे कोणते कागद आणा एवढं सांगून भागत नाही. कशाच्या आधी काय होणार, हा क्रम निरोपात यायला हवा.

क्रम असा. आधी खरेदीखताचा मसुदा सगळ्यांनी वाचायचा. मग सगळ्यांनी होकार द्यायचा. मग मुद्रांक शुल्क भरायचं. मग बँकेनं डिमांड ड्राफ्ट काढायचा. मग कार्यालयात सह्या, फोटो, अंगठे. मग ड्राफ्ट विकणाऱ्यांच्या हातात. आणि शेवटी दलाली. आता एकेक पायरी बघू.

पहिली पायरी मसुद्याची. रजिस्ट्रीच्या आठवडाभर आधी दस्तलेखक किंवा वकील मसुदा तयार करतो. तो वाचताना तीन गोष्टी बघा. एक, नावं. आधार कार्डावर, उताऱ्यावर आणि मसुद्यात प्रत्येकाचं नाव सारखं आहे का? आपल्याकडे जुन्या उताऱ्यावर बाईच्या नावापुढे बाई लावलेलं असतं, भ्र. लिहून नवऱ्याचं नाव असतं, आणि आधारवर काही वेगळंच असतं. लेकीचं माहेरचं नाव उताऱ्यावर आणि सासरचं आधारवर, हे तर घरोघरी. फरक असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, असं मसुद्यात लिहून घेता येतं आणि सोबत काय पुरावा जोडायचा ते दस्तलेखक सांगतो. पण हे आठ दिवस आधी कळलं तर जमतं. खिडकीसमोर उभं राहून जमत नाही.

दोन, मिळकतीचं वर्णन. गट नंबर, प्लॉट नंबर, ग्रामपंचायतीचा मिळकत नंबर, क्षेत्रफळ आणि चारी बाजूंना काय आहे, म्हणजे चतुःसीमा. हे उताऱ्याशी आणि जागेशी ताडून बघा. मसुदा घेऊन घरासमोर उभ्या राहा आणि वाचा. पूर्वेला रस्ता लिहिलाय, तर पूर्वेला रस्ताच आहे ना?

तीन, पैसे कोणाला किती. ही गोष्ट आम्ही मुद्दाम मोठ्यानं सांगतो. वडील मृत्युपत्र न करता वारले, घर त्यांच्या स्वकष्टाचं होतं, तर हिंदू वारसा कायद्यानं आई, मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. १२ लाखांत तिघांचे चार चार लाख. पण होतं काय, की मसुद्यात नुसतं 'विकणाऱ्यांना १२ लाख मिळाले' असं लिहितात, ड्राफ्ट एकट्या भावाच्या नावानं निघतो आणि साक्रीची लेक फक्त अंगठ्यापुरती येऊन जाते. आपण घेणारी बाजू असलो तरी हे आपल्याही कामाचं आहे. ज्या बहिणीला आपला पैसा मिळाला नाही, ती उद्या वाद घालू शकते, आणि वाद आपल्या घरावर येतो. म्हणून मसुद्यात आणि निरोपातही लिहा: आईला ४ लाख, मुलीला ४ लाख, भावाला ४ लाख, त्यातला १ लाख इसार दिलेला. लेकीला स्वखुशीनं आपला वाटा सोडायचा असेल तर तिनं हक्कसोडपत्र वेगळं नोंदवावं. ते तिचं ती ठरवेल. पण न विचारता, न लिहिता तो वाटा गायब होऊ नये.

दुसरी पायरी मुद्रांक शुल्काची. शुल्क कशावर लागतं? सौद्याची रक्कम आणि सरकारी मूल्यदर तक्त्याप्रमाणे येणारी किंमत, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, या दोन्हींपैकी जी जास्त असेल तिच्यावर. आपल्या उदाहरणात सौदा १२ लाखांचा आहे, पण तक्त्याप्रमाणे किंमत निघाली १२ लाख ५० हजार. तर शुल्क साडेबारा लाखांवर लागणार.

दर किती? ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक शुल्क ३ टक्के आणि जिल्हा परिषदेचा अधिभार १ टक्का, मिळून ४ टक्के. जळगाव किंवा धुळे महापालिकेच्या हद्दीत दर यापेक्षा जास्त असतो. नगरपालिकेच्या हद्दीत घर असेल तर तिथला दर दस्तलेखकाकडून लिहून घ्या.

आता बाईच्या नावानं घर घेण्याचा फायदा. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावानं घेतलं तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते. आधी अशी अट होती की ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. म्हणजे आपल्या ताईंना ४ ऐवजी ३ टक्के. साडेबारा लाखांचे ३ टक्के म्हणजे ३७,५०० रुपये. त्यावर नोंदणी फी १ टक्का, म्हणजे १२,५०० रुपये. एकूण ५०,००० रुपये. सवलत घेतली नसती तर ६२,५०० लागले असते. साडेबारा हजारांचा फरक.

पण लक्षात घ्या, खरेदीखतात घेणाऱ्यांमध्ये नवऱ्याचं नाव आलं की सवलत गेली. इथे बँकेशी आधी बोलावं लागतं. बँक कर्जासाठी नवऱ्याला सहकर्जदार करून घेते. ते ठीक आहे. कर्जात त्यांचं नाव असलं म्हणून घराच्या मालकीत असायलाच हवं असं नाही. पण बँकेच्या कागदावर दोन नावं दिसली की दस्तलेखक खरेदीखतातही दोन नावं टाकून मोकळा होतो. म्हणून निरोपात स्पष्ट लिहा: घेणारी एकटी मी, कर्जाला सहकर्जदार माझे पती. आणि बँकेच्या साहेबांकडून त्यावर 'चालेल' असं उत्तर घ्या.

शुल्क भरायचं ई-चलनानं. gras.mahakosh.gov.in या सरकारी संकेतस्थळावर चलन तयार होतं. त्यात घेणारीचं नाव, मिळकतीचा पत्ता, रक्कम आणि दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव टाकतात. पैसे भरले की एक क्रमांक मिळतो. त्याला जीआरएन म्हणतात. तो खरेदीखतावर येतो आणि नोंदणीच्या वेळी कार्यालयात ते चलन वापरलं अशी नोंद होते. मग ते पुन्हा चालत नाही.

म्हणूनच चलन कधी भरायचं हे महत्त्वाचं. सगळ्यांचा होकार येण्याआधी भरलं आणि नंतर नाव बदललं, कार्यालय बदललं किंवा सौदाच मोडला, तर पैसे परत मागण्यासाठी अर्ज करावा लागतो, त्याला सहा महिन्यांची मुदत असते, थोडी कपात होते आणि वाट बघावी लागते. आपल्या ५० हजारांचं असं अडकणं परवडत नाही. आणि चलन आपल्याच खात्यातून भरलेलं बरं. मध्यस्थाच्या हातात रोख देऊन 'भरून टाका दादा' म्हणू नका. आपल्या खात्यातून गेलं तर पासबुकात दिसतं, विषय संपतो.

आणखी एक. मूल्यदर तक्ते १ एप्रिलला बदलू शकतात. त्यामुळे मार्च अखेरीस कार्यालयात रेटारेटी असते. घाई नसेल तर ते दिवस टाळा. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, त्याच्या आसपासचा कामाचा दिवस धरला तर लेकीची वेगळी खेप वाचते. एवढाही विचार निरोप लिहिण्याआधी करा.

तिसरी पायरी बँकेची. बँकेला दोन-तीन दिवस आधी नक्की तारीख सांगावी लागते. गावातली शाखा अमळनेरला असली तरी बऱ्याचदा कर्जाची कागदपत्रं तपासणारं कार्यालय जळगावला असतं आणि तिथून मंजुरी आल्यावर ड्राफ्ट निघतो. 'गुरुवारच्या आसपास' असं सांगितलं तर ड्राफ्ट निघत नाही. आणि एकदा निघालेला ड्राफ्ट तारीख पुढे गेली म्हणून रद्द करायचा तर पुन्हा आठवडा जातो. ड्राफ्ट किती, कोणाच्या नावानं, कोणत्या स्पेलिंगनं, हे बँकेला लिहून द्या. आपल्या उदाहरणात बँकेचे तीन ड्राफ्ट: आई ४ लाख, मुलगी ४ लाख, भाऊ १ लाख. आणि ताईंनी स्वतःच्या खात्यातून काढलेला चौथा: भाऊ २ लाख. इसाराचा १ लाख धरून १२ लाख पूर्ण. नावाची स्पेलिंग प्रत्येकाच्या पासबुकाप्रमाणे. लेकीचं बँक खाते नसेल तर ते आधी उघडायला सांगा.

रोखीचं काय, असं कोणी ना कोणी विचारतंच. जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. विकणाऱ्या भावानं 'थोडे रोख द्या' म्हटलं तर हे त्यांच्याच भल्यासाठी सांगा.

आता तो निरोप. व्हॉट्सॲपवर लिहा, नाहीतर कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवा. वाचता न येणाऱ्या माईंसाठी तोच बोलून रेकॉर्ड करा. मैत्रिणींनो, हा जरा हळू वाचतो, लिहून घ्या.

'नमस्कार. घराचं खरेदीखत गुरुवार १२ तारखेला दुय्यम निबंधक कार्यालय, अमळनेर इथे नोंदवायचं आहे. घेणारी एकटी मी. विकणारे तिघं: काकू, भाऊ आणि साक्रीच्या ताई. तिघांनीही यायचं आहे.

सोमवार ९ तारीख, संध्याकाळी ६ पर्यंत: मसुदा सगळ्यांना पाठवला आहे. वाचून, वाचून घेऊन, आपलं नाव आणि आपली रक्कम बरोबर आहे का ते कळवा. भाऊ, काकूंना तुम्ही वाचून दाखवा आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच आवाजात पाठवा. साक्रीच्या ताई, तुम्ही स्वतः कळवा. बँकेचे साहेब, मसुदा तुमच्या वकिलांना चालतो का ते कळवा. चौघांचे होकार आल्याशिवाय मी चलन भरणार नाही.

मंगळवार १० तारीख, दुपारी १ पर्यंत: मी माझ्या खात्यातून चलन भरेन. मुद्रांक शुल्क ३७,५००, नोंदणी फी १२,५००. दस्तलेखक दादा त्याच दिवशी ऑनलाइन माहिती भरतील आणि कार्यालयाची वेळ घेतील. वेळ मिळाली की याच गटावर टाकेन.

बुधवार ११ तारीख, दुपारी ४ पर्यंत: बँकेचे तीन ड्राफ्ट आणि माझा एक ड्राफ्ट तयार. चारही ड्राफ्टचे नंबर दस्तलेखक दादांना. नंबर टाईप करूनच खरेदीखत छापायचं, कुठेही रिकामी जागा नको.

गुरुवार १२ तारीख, सकाळी साडेदहा: सगळे दस्तलेखकाकडे. आधी खरेदीखत मोठ्यानं वाचायचं, ड्राफ्ट सगळ्यांनी डोळ्यांनी बघायचे, मग सह्या. मग कार्यालयात. तिघांचे फोटो, अंगठे झाले आणि पावती मिळाली की साहेब तिथेच ड्राफ्ट ज्याचे त्याच्या हातात देतील. घराच्या किल्ल्या तेव्हाच मला. मूळ खरेदीखत बँकेकडे, प्रत माझ्याकडे. मध्यस्थ दादांची ठरलेली दलाली त्यानंतर खात्यावर.

काही बदल असेल तर फोनवर कोणा एकाला न सांगता इथेच लिहा.'

एवढा निरोप. त्याच्याखाली कोणी काय आणायचं ते. विकणाऱ्यांनी: प्रत्येकाचं मूळ आधार आणि पॅन कार्ड, बिनशेती प्लॉटचा चालू सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, वारस नोंदीचा फेरफार, वडिलांनी घर घेतलं तेव्हाचं मूळ खरेदीखत, घरपट्टी भरल्याची पावती, शेवटचं वीजबिल. घरावर आधी कोणाचं कर्ज असेल तर ते फेडल्याचा दाखला आणि उताऱ्यावरचा बोजा उतरल्याची नोंद. घेणारीनं: आधार, पॅन, फोटो, चलन, कर्ज मंजुरीचं पत्र. सोबत दोन साक्षीदार, त्यांची मूळ ओळखपत्रं, आणि दोघंही दोन्ही बाजूंना ओळखणारे हवेत. पॅन नसलेल्यानं त्याऐवजी काय भरायचं ते दस्तलेखकाला आधीच विचारून ठेवा. बँकेनं: ड्राफ्ट आणि मूळ खरेदीखत ताब्यात घेणारा माणूस. मध्यस्थानं: विकणाऱ्यांना वेळेवर आणणं, एवढंच.

आधार, पॅनचे फोटो मात्र गटावर टाकू नका, दस्तलेखकाला वेगळे पाठवा. आणि ओटीपी कोणालाच नाही, दस्तलेखकालाही आपण समोर बसलेलो असू तेव्हाच.

या निरोपाचा उपयोग कुठे झाला ते ऐका. सोमवारी संध्याकाळी तिघांचे होकार आले, पण साक्रीहून उत्तर नाही. ताईंनी चलन भरलं नाही. मध्यस्थ म्हणाला, 'भरून टाका, ती काय येईलच, भाऊ आहेत ना.' ताई थांबल्या आणि त्यांनी साक्रीला स्वतः फोन केला. तेव्हा कळलं की भावानं बहिणीला रक्कम सांगितलीच नव्हती. 'सही करायला ये' एवढाच निरोप गेला होता, म्हणून ती रुसून बसली होती. मसुद्यातला तिच्या ४ लाखांचा परिच्छेद तिला वाचून दाखवला. मंगळवारी सकाळी तिचा आवाज गटावर आला, 'ऐकलं, बरोबर आहे, मी येते.' त्यानंतर चलन भरलं.

आता समजा ती गुरुवारी आलीच नसती, तर? हेही माहीत असू द्या. सगळ्यांनी सह्या केल्या आणि एखादी व्यक्ती कार्यालयात हजर होऊ शकली नाही, तर तिला नंतर वेगळ्या दिवशी येऊन कबुली देता येते. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला आणायचा असतो, आणि ती कबुलीही त्याच मुदतीत व्हायला हवी. पण तोवर दस्त अर्धवट राहतो आणि बँक ड्राफ्ट देत नाही. कोणाला येणंच शक्य नसेल तर नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र लागतं. साध्या स्टँपपेपरवर लिहून दिलेल्या अधिकारावर विसंबून तारीख धरू नका. आणि काकू आजारी असतील, अंथरुणाला खिळल्या असतील, तर दुय्यम निबंधकांना घरी येऊन कबुली घेण्याची विनंती करता येते. त्याला गृहभेट म्हणतात, त्याची फी असते आणि अर्ज आधी करावा लागतो. म्हणून निरोपात एक ओळ असावी: कोणाला चालता येत नसेल, ऐकू कमी येत असेल, तर सोमवारीच सांगा.

अंगठ्याचंही तसंच. निंदणी, कापूस वेचणी करून करून बोटांच्या रेषा पुसट होतात आणि मशीन अंगठा घेत नाही. असं झालं तर घाबरायचं नाही, दुसरं बोट घेतात, पुन्हा पुन्हा घेतात. पण त्यात वेळ जातो. म्हणून दुपारनंतरची वेळ घेण्यापेक्षा सकाळची घ्या. सर्व्हर बंद पडला तरी त्याच दिवशी काम व्हायला हाताशी वेळ उरतो.

कार्यालयात साहेब प्रत्येक विकणाऱ्याला विचारतात की हा दस्त तुम्ही लिहून दिला का, सही तुमची का. त्या वेळी लेकीनं, काकूंनी स्वतः उत्तर द्यायचं. शेजारून भावानं 'हो, हो' म्हणायचं नाही. घेणारीनंही तिथे लक्ष द्यावं. आपल्याला विकणारीचं मनापासूनचं हो हवं असतं.

काम झाल्यावर निघण्याआधी दोन कागद हातात आहेत ना ते बघा: नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. त्यात आपलं नाव, मिळकत, रक्कम आणि भरलेलं शुल्क छापलेलं असतं. तिथेच उभं राहून वाचा. चूक असेल तर लगेच सांगा. मूळ खरेदीखत बँकेकडे जातं, तेव्हा त्याची पूर्ण प्रत काढून घ्या आणि बँकेकडून मूळ कागद मिळाल्याची यादी सहीशिक्क्यानिशी घ्या. कर्ज फिटेल तेव्हा तीच यादी दाखवून कागद परत मागायचे असतात.

त्यानंतर राहते नाव लावण्याची गोष्ट. नोंदवलेल्या खरेदीखताची माहिती तलाठ्याकडे ऑनलाइन जाते, फेरफार धरला जातो आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात. पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव लावायला इंडेक्स टूची प्रत जोडून ग्रामसेवकाकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो आपण दिल्याशिवाय घरपट्टी जुन्याच नावानं येत राहते. निरोपाच्या गटावर शेवटची ओळ तीच टाका: अर्ज दिला, पोच मिळाली, तारीख अमुक. आणि नवीन उतारा हातात आला, त्यावर आपलं नाव वाचलं, की मग तो गट बंद करायला हरकत नाही.

पुढच्या बैठकीत हा निरोप तुमच्या गटाच्या वहीत एकदा उतरवून ठेवा. तारखा आणि रकमा रिकाम्या सोडा. ज्या ताईंचं घर होणार असेल, त्या भरतील.